गोव्यातल्या नवरा-बायकोंसाठी: शेअर, फंड, एफडी आणि सोन्यावरचा टॅक्स, आणि कलम ५ए ची भानगड

लग्नानंतर पहिली चार वर्षं मी माझा रिटर्न चुकीचा भरला. चोरी करायची म्हणून नाही, माहीतच नव्हतं. फोंड्याला एका माणसाकडे फॉर्म १६ आणि बँकेचं व्याजाचं सर्टिफिकेट द्यायचं, तो आयटीआर-१ भरून द्यायचा, पैसे घ्यायचा, विषय संपला. पाचव्या वर्षी म्युच्युअल फंड विकले आणि पहिल्यांदा नीट सीएकडे गेलो तर तिने पहिलाच प्रश्न टाकला, "लग्न गोव्यात रजिस्टर झालंय ना? करार केलेला का लग्नाआधी?" मी म्हटलं टॅक्सचा आणि लग्नाच्या कराराचा काय संबंध. आहे, आणि चांगलाच आहे.

इंटरनेटवर टॅक्स वाचवायचे जे लेख मिळतात ते सगळे मुंबई-पुण्याच्या माणसासाठी लिहिलेले असतात, गोव्यातल्या जोडप्याला त्यातलं अर्धं लागूच पडत नाही. म्हणून हा लेख. आकडे आर्थिक वर्ष २०२५-२६ चे आहेत, म्हणजे ज्याचा रिटर्न २०२६ मध्ये भरायचा. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आलाय आणि त्यात कलमांचे नंबर बदललेत, पण २०२५-२६ चा हिशोब जुन्याच कायद्याने होतो आणि लोकांच्या तोंडी पण ५ए, ८०सी हेच आहे, म्हणून मी तेच वापरतो.

१. आधी बघा तुम्ही ५ए मध्ये बसता का

गोव्यात पोर्तुगीज सिव्हिल कोड चालतो हे आपल्याला लहानपणापासून माहीत असतं, पण त्याचा अर्थ काय ते जमीन विकायची वेळ आली की कळतं. लग्नाआधी नोटरीसमोर वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता दोघांची सामाईक धरली जाते, कोणाच्या नावावर आहे ते बघत नाहीत. हिंदू, ख्रिश्चन, मुसलमान सगळ्यांना हेच.

आता ही सामाईक मालमत्ता टॅक्सला कशी धरायची? त्यासाठी आयकर कायद्यात कलम ५ए आहे. ते म्हणतं की अशा जोडप्याचं पगार सोडून बाकी सगळं उत्पन्न दोघांत अर्धं अर्धं वाटायचं आणि प्रत्येकाने आपला अर्धा आपल्या रिटर्नमध्ये दाखवायचा. दमण-दीव आणि दादरा नगर हवेलीला पण हेच कलम आहे.

लग्नाआधी वेगळ्या मालमत्तेचा करार केलेला असेल तर ५ए नाही. आणि कोल्हापूर-बेळगावकडून नोकरीसाठी येऊन पर्वरीत फ्लॅट घेतला म्हणून तुम्हाला पोर्तुगीज कोड आपोआप लागत नाही. मूळचे गोव्याचे नसाल, किंवा दोघांतलं एक बाहेरचं असून लग्न बाहेर रजिस्टर झालं असेल, तर अंदाज बांधू नका, लग्नाचा दाखला घेऊन गोव्यातल्याच सीएला विचारा.

सगळ्यात मोठा गैरसमज आत्ताच सांगतो. हा पर्याय नाही. फायदा होतो त्या वर्षी वाटलं आणि तोटा होतो त्या वर्षी नाही वाटलं असं करता येत नाही.

२. काय वाटलं जातं, काय नाही

पगार ज्याचा त्याचा. बाकी एफडीचं व्याज, घरभाडं, शेअर आणि फंडावरचा नफा, जमीन किंवा सोनं विकून झालेला नफा, दुकानाचा धंद्याचा नफा, हे सगळं अर्धं अर्धं.

त्यामुळे "बायकोच्या नावावर एफडी कर, टॅक्स वाचेल" हा सल्ला आपल्याकडे निरर्थक आहे. बाकीच्या भारतात नवऱ्याने बायकोला पैसे देऊन तिच्या नावावर ठेवले तर त्याचं व्याज परत नवऱ्याच्याच उत्पन्नात जोडतात, त्याला क्लबिंग म्हणतात. आपल्याकडे एफडी कोणाच्याही नावावर असो, व्याज दोघांत निम्मं.

यात फायदा कोणाला ते घरातल्या पगारावर ठरतं. एकाचा मोठा पगार आणि दुसऱ्याला पगार नाही, तर फायदा. उलट नवऱ्याचं मडगावला लहान दुकान आणि बायको सरकारी नोकरीत चांगल्या पगारावर, तर दुकानाचा अर्धा नफा बायकोच्या डोक्यावर जातो आणि तिच्या वरच्या स्लॅबने टॅक्स लागतो. माझ्या एका शेजाऱ्याकडे अगदी हेच आहे आणि ते दोघं दर जुलैत यावरून भांडतात.

पीपीएफचं व्याज मुळातच करमुक्त, ते वाटलं काय न वाटलं काय, फरक नाही.

३. किती दिवस ठेवलं, यावर दर ठरतो

वाटण्याच्या आधी नफा कुठल्या जातीचा ते ठरवायचं. शॉर्ट टर्म की लाँग टर्म.

लिस्टेड शेअर आणि इक्विटी म्युच्युअल फंड १२ महिन्यांपेक्षा जास्त ठेवले तर लाँग टर्म. त्यावर वर्षाला पहिले १.२५ लाख नफा माफ आणि वरच्यावर १२.५ टक्के. १२ महिने किंवा कमी असेल तर शॉर्ट टर्म, सरळ २० टक्के, माफी बिफी काही नाही.

जमीन, घर, अंगावरचं सोनं यांना २४ महिने. त्यापेक्षा जास्त ठेवलं तर १२.५ टक्के, कमी असेल तर नफा तुमच्या स्लॅबमध्ये जातो. १.२५ लाखांची माफी इथे नाही, ती फक्त इक्विटीला. गोल्ड ईटीएफ शेअर बाजारात लिस्टेड असल्यामुळे त्याला १२ महिने पुरतात. जमीन-घर २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं असेल तर निवासी माणसाला दोन हिशोब करून बघता येतात, महागाईचा इंडेक्स न लावता १२.५ टक्के किंवा इंडेक्स लावून २० टक्के, जो कमी येईल तो भरायचा.

आईकडून वारशाने आलेल्या बांगड्या विकल्या तर दिवस आईने घेतल्यापासून मोजतात आणि किंमत पण आईने दिलेली धरतात. आई-आजीच्या काळातली पावती सापडली तर देवघरात ठेवा. २००१ च्या आधीची खरेदी असेल तर १ एप्रिल २००१ चा बाजारभाव किंमत म्हणून धरता येतो.

डेट फंड १ एप्रिल २०२३ पासून घेतलेला असेल तर दहा वर्षं ठेवला तरी नफा स्लॅबनेच. एफडीचं व्याज पण स्लॅबनेच, आणि ते पाच वर्षांची एफडी मोडेपर्यंत थांबत नाही, बँक दर वर्षी जमा झालेल्या व्याजावर टीडीएस कापते. डेट फंडात निदान विकेपर्यंत टॅक्स नाही, एवढाच त्याचा फायदा उरलाय.

आता सापळा. एसआयपीचा प्रत्येक हप्ता म्हणजे वेगळी खरेदी. माझ्या मेहुण्याने ५ जून २०२४ ला एसआयपी सुरू केली आणि १० जुलै २०२५ ला सगळं काढलं, म्हणाला वर्ष होऊन वर महिना झाला. एकूण हप्ते १४. त्यातले वर्ष ओलांडलेले फक्त दोन, जून २०२४ चा आणि जुलै २०२४ चा. बाकी १२ हप्त्यांचा नफा शॉर्ट टर्म, २० टक्के, आणि फंडाने एक्झिट लोड कापला तो वेगळा. थोडंच काढलं असतं तर आधी घेतलेली युनिटं आधी विकली असं धरतात, म्हणजे जुनी युनिटं पहिली गेली असती आणि टॅक्स लागलाच नसता. विकायच्या आधी फंडाच्या ॲपवर किती युनिटं लाँग टर्म झालीत ते बघता येतं, एक मिनिटाचं काम आहे.

४. एक पूर्ण हिशोब

समजा म्हापशाचं एक जोडपं. नवऱ्याचा पगार १५ लाख, बायको घरी. दोघं नव्या कर पद्धतीत. नवऱ्याच्या नावावर एफडी, व्याज ८०,०००. त्याच्याच नावावर इक्विटी फंड, विकून ३.१० लाख लाँग टर्म नफा.

सगळं नवऱ्याच्या नावावर दाखवलं तर काय होतं बघा. ३.१० मधून १.२५ वजा, उरले १.८५ लाख, त्याचे १२.५ टक्के म्हणजे २३,१२५. पगारातून ७५,००० स्टँडर्ड डिडक्शन गेल्यावर १४.२५ लाख उरतात, म्हणजे तो १५ टक्क्यांच्या स्लॅबमध्ये, तर ८०,००० व्याजावर १२,०००. दोन्ही मिळून ३५,१२५, त्यावर ४ टक्के सेस, ३६,५३०.

आता ५ए प्रमाणे. नफा प्रत्येकी १.५५ लाख, व्याज प्रत्येकी ४०,०००. नवऱ्याची १.५५ मधून १.२५ ची माफी गेली, उरले ३०,०००, टॅक्स ३,७५०. व्याजावर ६,०००. मिळून ९,७५०, सेस धरून १०,१४०. बायकोचं एकूण १.९५ लाख, तिची ४ लाखांची मूळ मर्यादा रिकामीच पडली होती त्यात सगळं बसलं, टॅक्स शून्य. फरक २६,३९०. पगारावरचा टॅक्स दोन्हीकडे तोच, म्हणून तो धरलाच नाही.

दोन ठिकाणी हा हिशोब बिघडतो. बायको किंवा नवरा टॅक्सच्या हिशोबाने एनआरआय असेल, आणि आपल्याकडे बोटीवर असणारे तारवटी आणि पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडला गेलेले घरोघरी आहेत, तर रिकाम्या मूळ मर्यादेत फंडाचा नफा बसवता येत नाही. १.२५ लाखांची माफी त्यांनाही आहे, पण वरच्यावर पहिल्या रुपयापासून १२.५ टक्के.

दुसरं म्हणजे "१२ लाखांपर्यंत टॅक्स नाही" हे वाक्य. ती ८७ए ची सूट पगार-व्याजासारख्या स्लॅबच्या उत्पन्नाला आहे, शेअर-फंडाच्या या खास दराच्या नफ्याला नाही. बायकोचा पगार ८ लाख असेल तर पगारावर शून्य येईल, पण तिच्या वाट्याला आलेल्या नफ्यातले १.२५ लाखांच्या वरचे पैसे टॅक्सला लागणारच, कारण मूळ मर्यादा पगारानेच भरून गेली.

५. मार्चमध्ये करायचं एक काम

१.२५ लाखांची माफी दर वर्षीची आहे, न वापरलेली पुढे जात नाही. बाहेरच्या माणसाला वर्षाला १.२५ लाखांपर्यंत नफा बुक करून परत तोच फंड घेता येतो. आपल्याकडे कोणाच्याही फोलिओतून विकलं तरी नफा दोघांत जातो, म्हणून एकाच फोलिओतून २.५ लाखांपर्यंत नफा बुक करता येतो. विकून परत घेतलं की खरेदीची किंमत वर सरकते आणि पुढे कधीतरी मोठी रक्कम काढाल तेव्हा नफा कमी दिसतो.

मूळ मर्यादा रिकामी आहे म्हणून बायकोच्या वाट्याला जास्त टाकू असं मात्र होत नाही, वाटणी निम्मी-निम्मीच, म्हणून नवऱ्याची १.२५ ची रेघ हीच दोघांची रेघ. परत घेतलेल्या युनिटांचे १२ महिने नव्याने सुरू होतात, त्यामुळे पुढच्या सहा महिन्यांत घरासाठी पैसे लागणार असतील तर हा खेळ करू नका. आणि ३० मार्चला बसू नका, युनिटं विकल्याचा दिवस ३१ मार्चच्या आत पडला पाहिजे, मध्ये सुट्ट्या येतात. मी पंधरा मार्चच्या आसपास करतो.

६. ८०सी च्या मागे धावायच्या आधी

जानेवारी आला की एजंट फोन करतो, "सर, टॅक्स सेव्हिंगचं काय केलं?" त्याला एकच प्रश्न विचारा, मी कुठल्या पद्धतीत आहे? नव्या पद्धतीत ८०सी ची वजावट नाहीच. तुम्ही काही निवडलं नाही तर नवीच पद्धत लागते. म्हणजे त्या माणसाला घाबरून घेतलेली पॉलिसी टॅक्सचा एक रुपया वाचवत नाही आणि पंधरा-वीस वर्षं हप्ता मात्र भरायचा. मी अशी एक घेतलीय. अजून चालू आहे.

वरच्याच १५ लाख पगाराचा हिशोब बघा. नव्या पद्धतीत पगारावर ९७,५०० सेससकट. जुन्या पद्धतीत स्टँडर्ड डिडक्शन ५०,०००, वर ८०सी चे पूर्ण १.५ लाख भरले तरी २,१०,६००. जुनी पद्धत बरोबरीला यायला स्टँडर्ड डिडक्शन सोडून साधारण ५.४४ लाखांच्या वजावटी लागतात. घरभाड्याची सूट, होम लोनचं व्याज, मेडिक्लेम, एनपीएसचे जास्तीचे ५०,००० असं सगळं जमलं तरच. वडिलोपार्जित घरात राहणाऱ्याचं ते जमत नाही. दोघांपैकी एकाने जुनी आणि एकाने नवी घेतली तरी चालतं.

जुनीच फायद्याची निघाली तर मग निवडताना पैसा किती वर्षं अडकतो ते बघा. ईएलएसएस ३ वर्षं, पण इथे पण प्रत्येक हप्त्याची ३ वर्षं वेगळी, आणि काढताना नफ्यावर इक्विटीचाच टॅक्स. टॅक्स सेव्हर एफडी ५ वर्षं, व्याजावर स्लॅबने टॅक्स, मला हा सगळ्यात कमकुवत वाटतो. पीपीएफ १५ वर्षं, पण व्याज आणि शेवटची रक्कम करमुक्त, आणि ती करमुक्ती नव्या पद्धतीत पण राहते, म्हणून वजावट मिळत नसली तरी मी माझं पीपीएफ बंद केलं नाही. आणि पगारातून ईपीएफ कापला जातो तो ८०सी मध्ये आधीच मोजला जातो, कित्येकांचे १.५ लाख त्यातच जवळजवळ भरलेले असतात आणि ते वर अजून दीड लाख गुंतवत बसतात.

७. कागद आणि फॉर्म

जुलैच्या आधी हे एका फाईलमध्ये:

- सिव्हिल रजिस्ट्रारकडचा लग्नाचा दाखला, लग्नाआधी करार असेल तर त्याची प्रत
- दोघांचं पॅन आणि आधार
- फॉर्म १६, दोघांचं २६एएस आणि एआयएस
- बँकांची व्याजाची सर्टिफिकेटं, पतसंस्थेचं पण
- कॅम्स आणि केफिनटेककडून कॅपिटल गेन स्टेटमेंट, शेअर असतील तर ब्रोकरचं पण

फॉर्म आयटीआर-२, धंदा असेल तर आयटीआर-३. ५ए प्रमाणे वाटायचं उत्पन्न असेल तर आयटीआर-१ चालत नाही, पगार आणि एका एफडीचं व्याज एवढंच असलं तरी. माझी चार वर्षं इथेच चुकली. फॉर्मच्या सुरुवातीला पोर्तुगीज सिव्हिल कोड लागू आहे का असा प्रश्न येतो, तिथे हो केलं की Schedule 5A उघडतं. त्यात जोडीदाराचं नाव, पॅन आणि प्रत्येक प्रकारचं उत्पन्न किती, त्यातलं जोडीदाराला किती गेलं, टीडीएस किती कापला आणि त्यातला किती जोडीदाराचा, असे रकाने आहेत.

टीडीएस लोक विसरतात. वरच्या उदाहरणात व्याज ५०,००० च्या वर असल्यामुळे बँकेने १० टक्के, म्हणजे ८,००० कापले आणि ते सगळे नवऱ्याच्या पॅनवर दिसतात. व्याज निम्मं दाखवलं तर टीडीएसही निम्माच घ्यायचा. नवऱ्याने टीडीएसच्या शेड्यूलमध्ये ४,००० जोडीदाराकडे वळवायचे आणि बायकोने तिच्या रिटर्नमध्ये नवऱ्याचा पॅन टाकून ते मागायचे. तिचा टॅक्स शून्य, म्हणजे ४,००० तिच्या खात्यात परत. म्हणून बायकोचं उत्पन्न मर्यादेच्या खाली असलं तरी तिचा रिटर्न भराच. नवऱ्याने अर्धं दाखवलं आणि उरलेलं अर्धं कुठल्याच रिटर्नमध्ये नाही, तर खात्याला ते लपवल्यासारखंच दिसणार.

एआयएसमध्ये पूर्ण रक्कम एकाच पॅनवर दिसते, ते बघून घाबरून पूर्ण रक्कम स्वतःच्या नावावर टाकू नका. दोन्ही रिटर्न एकाच बैठकीत, शेजारी शेजारी उघडून भरा, एकाने वळवलेला आकडा दुसऱ्याने घेतलेल्या आकड्याशी रुपयाला जुळला पाहिजे.

८. व्हेरिफाय दोघांनी करायचं

रिटर्न टाकल्यावर ३० दिवसांत ई-व्हेरिफाय, नाहीतर उशिरा भरल्यासारखं होतं. माझं मी त्याच रात्री केलं. बायकोचा ओटीपी तिच्या आधारला जोडलेल्या नंबरवर गेला, आणि तो नंबर तिच्या कॉलेजच्या काळातला, कधीच बंद पडलेला. आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलला, तो अपडेट व्हायला दिवस गेले, मध्ये चवथ आली, आणि एकोणतिसाव्या दिवशी काम झालं. त्यामुळे तुमच्या जोडीदाराचा आधारचा नंबर कुठला आहे आणि रिफंडसाठी तिचं किंवा त्याचं बँक खातं पोर्टलवर व्हॅलिडेट आहे का, हे जूनमध्येच बघून ठेवा.